पाच दिवसांचं प्रदर्शन बारा दिवसांचं धरा

*“सांगली जिल्ह्यात आमचं कडबा कुट्टी यंत्रांचं छोटं वर्कशॉप आहे. मी, धाकटा भाऊ आणि सहा कामगार. गेल्या वर्षी एका कृषी प्रदर्शनात चार दिवस स्टॉल लावला. गर्दी तुफान होती, वहीत अकराशे नावं आली. विकली गेली दोन यंत्रं. घरी आल्यावर ऑर्डरी तुंबल्या होत्या, त्यामुळे फोन करायला तीन आठवडे गेले. साठेक जणांना फोन केले, निम्म्यांना आम्ही आठवतही नव्हतो. यंदा डिसेंबरात मोशीला पाच दिवस जायचा विचार आहे. खर्च सगळा धरून १ लाख ८० हजार होईल. यंत्र २८ हजारांना जातं; थेट विकलं तर ५ हजार सुटतात, डीलरला दिलं तर अडीच हजार. वडील म्हणतात पैसे पाण्यात जाणार. मला वाटतं गेल्या वर्षी स्टॉल आडबाजूला होता, म्हणून फसलं. यंदा कॉर्नरचा मोठा स्टॉल, एलईडी स्क्रीन आणि लकी ड्रॉ ठेवला तर जमेल का?”*

अकराशे नावं आडबाजूच्या स्टॉलवर येत नाहीत हो. चार दिवसांत अकराशे म्हणजे दिवसाला पावणेतीनशे. एवढी माणसं तुमच्यापर्यंत आली, थांबली, वाकून वहीत नाव लिहून गेली. जागेनं तुमचं काही बिघडवलेलं नाही. बिघडलं ते तुम्ही गाडीत यंत्रं भरून घरी परतलात त्यानंतर. कॉर्नर, स्क्रीन आणि लकी ड्रॉ या तिन्हींवर खर्च केलात तर यंदा वहीत दोन हजार नावं येतील आणि ती वहीही त्याच कपाटात जाईल.

मी पंपांच्या धंद्यात बावीस वर्षं प्रदर्शनं केली. आमच्याकडे एकदा व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा जुलैमध्ये सापडला, रबर लावलेला, डिसेंबरच्या प्रदर्शनातला. रबर कुजून कार्डांना चिकटलं होतं. वरच्याच कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: “सोमवारी नक्की फोन.” कुठला सोमवार, ते आता देवालाच ठाऊक. म्हणून तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही.

आधी तुमचाच हिशेब उलटा मांडू. १ लाख ८० हजार भरून काढायचे तर थेट विक्रीत ३६ यंत्रं जायला हवीत. मोशीत पाच दिवसांत ३६ शेतकरी खिशातून २८ हजार काढतील का? मला शंका आहे. कुट्टी यंत्र म्हणजे पाच-पंचवीस रुपयांचं बियाण्याचं पाकीट नव्हे, तिथं घरात विचारणं येतं. डीलरमार्फत तोच खर्च काढायला ७२ यंत्रं लागतात. आकडा दुप्पट दिसतो, पण इथंच गंमत आहे. एक बरा डीलर महिन्याला दोन यंत्रं काढतो असं धरा, म्हणजे वर्षाला २४. तीन डीलर मिळाले की ७२ झाली, आणि दुसऱ्या वर्षी ते डीलर तुम्हाला स्टॉलभाड्याशिवाय मिळतात.

तेव्हा यंदाचं उद्दिष्ट एका ओळीत असं लिहा आणि वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवा: ‘आपला माल जिथं जात नाही अशा तालुक्यांतून तीन चालते डीलर, मार्चअखेरपर्यंत.’ सोबत थेट विक्रीची दहा-बारा यंत्रं आली तर आनंद आहे. ‘नाव व्हावं’, ‘लोकांना कळावं’ ही उद्दिष्टं नव्हेत, कारण ती पुरी झाली की नाही हे शेवटच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. वडिलांनाही हा तीन डीलरांचा आकडा दाखवा. पैसे पाण्यात गेले की नाही, हे एप्रिलमध्ये दोघांना एकाच मापानं मोजता येईल.

तीन चालते डीलर हवेत तर माझ्या अनुभवानं सहा नेमावे लागतात, कारण निम्मे पहिलं यंत्र दुकानात ठेवून विसरतात. सहा नेमायला बारा-पंधरा दुकानांत प्रत्यक्ष जावं लागतं. आणि बारा-पंधरा दुकानांची दारं उघडायला प्रदर्शनात तीसेक दुकानदारांशी नीट बोलणं व्हायला हवं. अकराशे नाही, तीस. त्यातले अर्धे तर आपण होऊन येणारच नाहीत, त्यांना बोलवावं लागतं. प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी दुधाचा पट्टा असलेले चार-पाच तालुके निवडा, तिथल्या शेती अवजारांच्या आणि मोटार-पंपांच्या दुकानदारांना फोन लावा, “पहिल्या दिवशी सकाळी अकराला चहाला या, गर्दी व्हायच्या आत यंत्र दाखवतो” म्हणून वेळ ठरवा. शनिवार-रविवारी सहकुटुंब गर्दी असते, त्यात दुकानदाराशी मार्जिनचं बोलणं होत नाही.

आता स्टॉल किती मोठा, हा प्रश्न. तो मी फोनच्या बाजूनं सोडवतो. रोज आठ तास धरले तर पाच दिवसांचे चाळीस तास होतात. एका माणसाशी नीट बोलून चिठ्ठी भरायला दहा मिनिटं लागतात. मधला गोंधळ, चहा, जेवण धरून तासाला चार माणसं होतात. बोलणारे तुम्ही दोघं भाऊ. म्हणजे फार तर तीनशे-सव्वातीनशे बोलणी, त्याच्या वर जे होईल ती नुसती हजेरी. आणि घरी आल्यावर एक माणूस दिवसाला पस्तीस-चाळीस फोन करू शकतो, तेही न उचललेले धरून, प्रत्येकाची नोंद ठेवून. सात दिवसांत अडीचशे-पावणेतीनशे. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात बघा. तुमची ताकद एवढीच आहे, आणि तिला तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटरचा तयार स्टॉल पुरतो. कॉर्नर परवडत असेल तर घ्या, दोन बाजू उघड्या मिळतात. पण स्क्रीन आणि लकी ड्रॉचे पैसे वाचवून तिसरा माणूस न्या.

लकी ड्रॉबद्दल माझं मत जरा कडवट आहे. मिक्सरच्या आशेनं कॉलेजातली पोरंही चिठ्ठी टाकतात, आणि मग खरा गिऱ्हाईक त्या ढिगात हरवतो. गेल्या वर्षीच्या वहीचंही तेच झालं असणार. जी वही सगळ्यांसाठी उघडी ठेवली जाते, तिच्यात कोण घेणार आहे ते कळत नाही.

वहीऐवजी चिठ्ठ्यांचं पुस्तक छापून घ्या. अर्ध्या पानाची चिठ्ठी, वर छापील क्रमांक, खाली कार्बन. आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, बोलता बोलता तुम्ही भरायची. ॲप-बिप आहेत, पण हॉलमध्ये हजारो मोबाइल एकदम चालू असले की नेट रडतं, हे मी कितीदा पाहिलंय. कागद मुख्य, मोबाइल जोडीला. भरलेली चिठ्ठी कशी दिसावी, ते दाखवतो:

*क्र. ११७. गुरुवार, दु. १२.४०. तालुका बार्शी. गाई ४, म्हशी ७. सध्या: शेजाऱ्याचं यंत्र, भाड्यानं. वीज: सिंगल फेज. कधी: संक्रांतीच्या आत. ठरवणार: थोरला भाऊ, तो रविवारी येणार. बोलणं: पाती बदलायला किती वेळ, सुटे भाग बार्शीत मिळतील का. कबूल केलं: सिंगल फेज मोटारीसह दर, आज रात्री व्हॉट्सॲपवर. रंग: लाल.*

हीच चिठ्ठी आठ दिवसांनी तुमच्या भावानं वाचली, जो त्या माणसाशी बोललाच नव्हता, तरी तो फोनवर काय म्हणेल? “नमस्कार, मोशीला तुम्ही पाती बदलण्याचं विचारलं होतं ना?” समोरच्याला लगेच आठवतं. गेल्या वर्षी निम्म्यांना तुम्ही आठवला नाहीत, कारण तुमच्याही वहीत त्यांच्याविषयी आठवण्यासारखं काही नव्हतं.

नंबर लिहून झाला की तिथंच मिस्ड कॉल द्या. गोंगाटात आकडा चुकतो, आणि दहातला एक आकडा चुकला की चिठ्ठी मेली. शिवाय तुमचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये जातो, “कुट्टीवाले सांगली म्हणून सेव्ह करा” एवढं सांगायचं. हे सेव्ह करणं फार कामाचं आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी एका वेळी २५६ जणांचीच होते, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. कित्येक उद्योजक ब्रॉडकास्टनं माहितीपत्रक धाडतात आणि उत्तरं आली नाहीत म्हणून गिऱ्हाइकांना नावं ठेवतात. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी टेबलावर क्यूआर कोडही ठेवा. `https://wa.me/91` या पत्त्याला पुढं जोडून तुमचा दहा आकडी नंबर, एवढाच दुवा त्या कोडमध्ये घाला. कोड स्कॅन करून त्यांनी “कुट्टी” एवढं पाठवलं की नंबर चुकायचा प्रश्नच नाही. आणि चिठ्ठीच्या तळाला एक ओळ छापा, ‘या नंबरावर फोन व संदेश पाठवण्यास हरकत नाही’, तिच्यापुढं सहीची जागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळं संमती घेणं यापुढं नुसतं सौजन्य राहणार नाही.

चिठ्ठीवर रंग तीनच. लाल म्हणजे दुकानदार, किंवा महिन्याभरात घेणारा शेतकरी. पिवळा म्हणजे घेणार, पण कशावर तरी अडलेला. बाकी सगळे पांढरे. रंग गिऱ्हाईक वळल्याबरोबर तिथंच टाकायचा. संध्याकाळी टाकू म्हटलं की सगळेच लाल वाटायला लागतात, कारण थकलेल्या माणसाला आशा फार असते.

पिवळ्यांत मोठा गठ्ठा अनुदानवाल्यांचा असेल. “अनुदानात बसतं का?” हा प्रश्न तुम्हाला तासाला दहा वेळा येणार, त्याचं उत्तर दोघा भावांचं एकच हवं. शेतकऱ्याला महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती मिळवावी लागते, आणि तिच्याआधी यंत्र घेतलं तर अनुदान हातचं जातं. म्हणून अशा माणसाला “आजच बुक करा” म्हणून गळ घालू नका. त्याचं नुकसान कराल आणि गावभर नाव होईल ते वेगळंच. चिठ्ठीवर लिहा: अर्ज केलाय का, पूर्वसंमती आलीय का. आली असेल तर तो लाल आहे. दुसरी बाजू तुमची: अनुदानासाठी यंत्राचा मान्यताप्राप्त संस्थेकडचा चाचणी अहवाल लागतो. तुमच्या मॉडेलचा अहवाल नसेल तर स्टॉलवर “बसतं, बसतं” म्हणू नका, सरळ “अजून नाही” म्हणा. अहवाल असेल तर त्याची प्रत मोठी करून भिंतीवर लावा, ती त्या एलईडी स्क्रीनपेक्षा जास्त माणसं थांबवेल.

माणसं थांबवायचं म्हणाल तर अजून एक स्वस्त युक्ती. तीन परातींमध्ये तुमच्याच यंत्राची कुट्टी ठेवा, बारीक, मध्यम, जाड. एक मक्याची, एक कडब्याची, एक उसाच्या वाढ्याची. दुभती जनावरं पाळणारा माणूस परातीजवळ आला की हात घालणारच. तो कुट्टी मुठीत घेतो, दाबतो, नाकाशी नेतो. नुसता फिरायला आलेला माणूस परातीत हात घालत नाही. हात घातला की “जनावरं किती?” हा एकच प्रश्न विचारायचा. “एकच गाय आहे” आणि “अकरा आहेत, पण गडी मिळत नाही” या दोन उत्तरांत अर्ध्या मिनिटात निवड होते. यंत्र चालू करून दाखवायचं असेल तर थ्री फेजची जोडणी आणि परवानगी आयोजकांकडून आधीच लेखी घ्या, आणि चारा टाकायच्या तोंडाला जाळी लावून पात्यांवर झाकण ठेवाच. कुट्टीच्या यंत्रात बोटं गेलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत, आणि प्रदर्शनात लहान मुलं कुठंही हात घालतात.

आता तो आठवडा, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय. एकच आठवडा का? कारण मोशीहून निघताना त्या शेतकऱ्याच्या पिशवीत तीस-चाळीस पत्रकं असतात आणि दुकानदाराशी आणखी दोन कुट्टीवाले बोललेले असतात. पुढच्या बुधवारी त्यांच्यातला कुणी एक दुकानात जाऊन बसतोच. शिवाय तुमच्या घरची गोष्ट: परत आल्यावर ऑर्डरी तुंबल्या होत्या असं तुम्हीच लिहिलंय. त्या यंदाही तुंबणार. म्हणून प्रदर्शन पाच दिवसांचं नव्हे, बारा दिवसांचं आहे असं आत्ताच कॅलेंडरवर लिहा. भावानं शेवटच्या दिवसानंतर सात दिवस वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही, अगदी वेल्डर रजेवर गेला तरी. त्या आठवड्यात देण्याचा माल आधीच्या महिन्यात काढून ठेवा किंवा गिऱ्हाइकाला पुढची तारीख द्या. हे जमणार नसेल तर मी वडिलांच्या बाजूचा: यंदा जाऊ नका.

काम प्रदर्शनातच सुरू होतं. रोज संध्याकाळी लॉजवर गेल्यावर जेवणाआधी पाऊण तास. एकानं चिठ्ठ्या वाचायच्या, दुसऱ्यानं मोबाइलवरच्या शीटमध्ये भरायच्या: क्रमांक, नाव, नंबर, तालुका, रंग, काय कबूल केलं, पुढचा फोन कधी. आणि ज्या लाल चिठ्ठीवर ‘आज रात्री दर’ लिहिलंय तो दर आजच रात्री जायला हवा. जेवणानंतर म्हणालात की झोप लागते, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

प्रदर्शन रविवारी संपलं असं धरू. सोमवारी सकाळी लाल दुकानदार. त्यांना फोन वेळ ठरवण्यापुरताच, दोन मिनिटांचा: “बुधवारी तुमच्याकडे येतो, यंत्र टेम्पोतच आणतो.” फक्त त्यांच्या गावच्या बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी दुकानदार देवाशीही बोलत नाही. मंगळवारपर्यंत लाल शेतकरी सगळे संपवायचे. त्यांना फोन दुपारी बारा ते दोन किंवा रात्री साडेसातनंतर. पहाटे आणि संध्याकाळी पाच ते सात धारांची वेळ असते, तेव्हा फोन केलात तर उचलला जाणार नाही आणि तुम्हाला उगाच वाटेल की माणूस टाळतोय. न उचलणाऱ्याला वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन, मग एक संदेश, मग सोडून द्यायचं. बुधवार ते शुक्रवार तुम्ही टेम्पो घेऊन दुकानं फिरा, दिवसाला चार, आणि भाऊ घरून पिवळे संपवेल. प्रत्येक फोननंतर शीटमध्ये पुढची तारीख पडलीच पाहिजे, ‘बघू म्हणाले’ ही नोंद नव्हे. ‘बघू म्हणाले, १० जानेवारीला फोन’ ही नोंद. पांढऱ्यांना शनिवारी एकच संदेश पाठवा, यंत्राचा फोटो, दर आणि त्यांच्या जवळच्या डीलरचा पत्ता, बस.

दुकानात गेल्यावर लगेच दहा यंत्रं उचला म्हणू नका. एक यंत्र ठेवा, पात्यांचे दोन संच आणि बेअरिंग सोबत द्या, आणि त्या दुकानाच्या आसपासच्या तालुक्यातल्या तुमच्या लाल-पिवळ्या चिठ्ठ्यांचे नंबर त्याच्यासमोर ठेवा: “ही सात गिऱ्हाइकं तुमच्या भागातली, त्यांना तुमच्याकडेच पाठवतो.” दुकानदाराला माहितीपत्रकात रस नसतो. सात तयार गिऱ्हाइकं मात्र त्यानं आजवर कुठल्याच कुट्टीवाल्याकडून घेतलेली नसतात.

खर्चाचं एक राहिलं. उद्यम नोंदणी असेल तर केंद्राच्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग मंत्रालयाच्या योजनेतून स्टॉलभाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. जिल्हा उद्योग केंद्रात आत्ताच विचारून या, पैसे भरल्यावर नव्हे.

आणि ती कपाटातली वही बाहेर काढा. अकराशेंतून ज्यांच्यापुढं दुधाच्या पट्ट्यातला तालुका लिहिलाय असे चाळीस निवडा आणि या महिन्यात फोन करा. विकायला नाही, विचारायला: “गेल्या वर्षी प्रदर्शनात भेटला होतात. कुट्टी यंत्र घेतलंत का? कुणाचं, कितीला, कुठल्या दुकानातून?” जे दुकानाचं नाव तुम्हाला तीनदा ऐकू येईल, त्याच दुकानदाराला पहिल्या दिवशी अकरा वाजता चहाला बोलवा.